रिचार्जचे पैसे गेले, व्हॅलिडिटी आली नाही

मावशीचा फोन शेजारणीच्या मोबाइलवरून आला तेव्हाच मला अंदाज आला. देवरूखला ती एकटी असते. गेल्या महिन्यात तिने नवं सिम घेतलं होतं आणि त्यावरचा पहिला रिचार्ज संपला होता. “अगं, माझ्यावरून फोनच लागेना. नंबर सांगते, लिहून घे आणि तेवढं मारून टाक,” ती म्हणाली. मी कागद-पेन घेतलं. तिने दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करत नंबर सांगितला आणि मी तो उतरवून घेतला. अ‍ॅपमध्ये टाकला, कंपनी आपोआप आली, 28 दिवसांचा 349 रुपयांचा प्लॅन निवडला, यूपीआयचा पिन टाकला. खात्यातून पैसे वजा झाल्याचा बँकेचा मेसेज लगेच आला. अ‍ॅपवर मात्र ‘पेमेंट यशस्वी, रिचार्ज प्रलंबित’ असं दिसत राहिलं. दहा मिनिटांनी त्याचं हिरवं टिकमार्क झालं.

तासाभराने पुन्हा शेजारणीचा फोन. “काही आलं नाही गं अजून.”

त्या रात्री मी जवळजवळ दुसऱ्यांदा पैसे भरणार होते. ते न करता पावती उघडून बसले, म्हणून पुढचं कळलं. हा प्रसंग कोणाच्याही घरात घडतो, आणि बहुतेक जण पहिली चूक तिथेच करतात: पैसे कुठे अडकले हे न बघता भांडायला चुकीच्या दारात जातात.

एक नाही, दोन व्यवहार

आपल्याला वाटतं की रिचार्ज म्हणजे एकच काम. प्रत्यक्षात ती दोन वेगळी कामं असतात आणि ती वेगवेगळ्या संस्था करतात. पहिलं काम पैशांचं. तुमच्या बँकेतून रक्कम निघते, यूपीआयच्या वाटेने जाते आणि ज्या अ‍ॅपवर तुम्ही रिचार्ज करता त्या अ‍ॅपच्या खात्यात पडते. दुसरं काम रिचार्जचं. पैसे मिळाले की ते अ‍ॅप, बऱ्याचदा मधल्या एखाद्या सेवा पुरवठादारामार्फत, मोबाइल कंपनीला सांगतं की अमुक नंबरवर अमुक प्लॅन चढवा. कंपनीची यंत्रणा तो चढवते आणि ‘झालं’ असं उलट कळवते.

म्हणजे पैसे तीन ठिकाणी अडकू शकतात: बँक आणि अ‍ॅप यांच्यामध्ये, अ‍ॅप आणि मोबाइल कंपनी यांच्यामध्ये, किंवा रिचार्ज नीट होऊनही तो तुम्हाला हव्या त्या जागी पोहोचलेला नसतो. पैसे नेमके कुठे आहेत हे पावतीवरचे आकडे सांगतात. बँकेच्या व्यवहाराला 12 अंकी यूटीआर क्रमांक असतो. अ‍ॅपचा स्वतःचा ऑर्डर क्रमांक असतो. आणि मोबाइल कंपनीने रिचार्ज स्वीकारला असेल तर पावतीवर तिसरा एक क्रमांक येतो, ज्याला बहुतेक अ‍ॅप ‘ऑपरेटर रेफरन्स’ म्हणतात. हा तिसरा क्रमांक आहे की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं. तो नसेल तर कंपनीच्या कस्टमर केअरशी तासभर बोलूनही उपयोग नाही, कारण त्यांच्या लेखी तुमचा रिचार्ज आलेलाच नसतो. तो असेल तर बँकेकडे तक्रार करून काही निघणार नाही, कारण बँकेने आपलं काम पूर्ण केलेलं असतं.

पैसे वाटेतच अडकले तर

पहिली शक्यता अशी की खात्यातून रक्कम वजा झाली, पण अ‍ॅपला ती मिळाल्याची खूणच आली नाही. अ‍ॅपवर तेव्हा पेमेंटच अयशस्वी किंवा प्रलंबित दिसतं. यासाठी रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे. 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने दुकानदाराला किंवा व्यावसायिकाला केलेल्या अशा व्यवहाराचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. हे पाच दिवस कॅलेंडरचे, म्हणजे रविवार-सुट्टी धरून. त्यानंतर उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि तीही तक्रारीची वाट न पाहता खात्यात जमा करायची.

समजा तुम्ही 3 तारखेला रिचार्ज केला. 8 तारखेपर्यंत पैसे परत यायला हवेत. 9 तारखेपासून रोजचे 100 रुपये तुमच्या हक्काचे. 349 रुपयांच्या व्यवहारात चार दिवस उशीर झाला तर भरपाई मूळ रकमेपेक्षा जास्त होते. ती न मिळाल्यास यूटीआर क्रमांक देऊन बँकेकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावरून जाता येतं. तिथे शुल्क लागत नाही.

मात्र हा नियम फक्त पैशांच्या वाटेपुरता आहे. अ‍ॅपला पैसे मिळाले की बँकेच्या दृष्टीने तो व्यवहार यशस्वी झाला. रिचार्ज झाला नाही म्हणून बँकेकडून रोजचे 100 रुपये मागता येत नाहीत. अनेकांची तक्रार इथेच फेटाळली जाते आणि बँक टोलवाटोलवी करते असं त्यांना वाटतं.

पैसे पोहोचले, रिचार्ज अडकला तर

दुसरी शक्यता म्हणजे माझ्या अ‍ॅपवर सुरुवातीला दिसलेली स्थिती: पेमेंट यशस्वी, रिचार्ज प्रलंबित. अ‍ॅपने कंपनीला निरोप पाठवलेला असतो, पण ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ यांपैकी काहीच उत्तर आलेलं नसतं. अशा वेळी रिचार्ज प्रत्यक्षात झालेलाही असू शकतो आणि नसूही शकतो. म्हणूनच अ‍ॅप लगेच पैसे परत करत नाही. ते कंपनीच्या यंत्रणेला पुन्हा पुन्हा विचारत राहतं आणि उत्तर आल्यावरच ठरवतं.

या वेळात दुसऱ्यांदा रिचार्ज करणं ही सगळ्यात महागाची चूक. आपण घाईने दुसरा करतो, तो होतो, आणि मागाहून पहिलाही होतो. मग एकाच नंबरवर दोन प्लॅन चढतात आणि दोन्ही यशस्वी असल्यामुळे एकाचेही पैसे परत मिळत नाहीत. फारच नड असेल तर आधी ज्याच्या फोनवर रिचार्ज व्हायचा आहे त्याच्याकडून मोबाइल कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप उघडून घ्यावं किंवा कस्टमर केअरला विचारावं की प्लॅन चढलाय का. चढला नसेल आणि अ‍ॅपवर ‘अयशस्वी’ असा निकाल आला असेल, तरच दुसरा करावा.

अयशस्वी ठरलेल्या रिचार्जचे पैसे परत करण्याची जबाबदारी अ‍ॅपची, कारण पैसे त्याच्याकडे आहेत. तक्रार त्या व्यवहाराच्याच पानावरून करावी, म्हणजे ऑर्डर क्रमांक आपोआप जोडला जातो. 2021 पासून प्रीपेड रिचार्जही भारत बिल पेमेंट प्रणालीत आणता येतो. तुमचा रिचार्ज त्या वाटेने गेला असेल तर पावतीवर त्या प्रणालीचा वेगळा क्रमांक दिसतो. तक्रारीत तोही लिहावा.

रिचार्ज झाला, पण व्हॅलिडिटी दिसत नाही

माझ्या पावतीवर ऑपरेटर रेफरन्स आला होता. म्हणजे कंपनीने रिचार्ज स्वीकारला होता. तरी मावशीचा फोन बंदच. अशा वेळी आधी तीन साध्या गोष्टी तपासाव्या लागतात, कारण बऱ्याच तक्रारींचं मूळ त्यांत असतं.

एक म्हणजे डेटा पॅक. प्लॅनच्या यादीत डेटाचे पॅक आणि पूर्ण प्लॅन शेजारी-शेजारी दिसतात. बऱ्याच डेटा पॅकना स्वतःची व्हॅलिडिटी नसते किंवा असली तरी ती फक्त त्या डेटापुरती असते. नंबर चालू ठेवणारी व्हॅलिडिटी मूळ प्लॅनची. मूळ प्लॅन संपला असेल तर डेटा पॅक मारून फोन लागणार नाही. दुसरी गोष्ट टॉप-अप. 10 रुपयांच्या टॉप-अपमध्ये कर आणि प्रक्रिया शुल्क वजा जाऊन 7.47 रुपयांचा टॉकटाइम मिळतो, पण दिवस एकही वाढत नाही. जुन्या सवयीने थोडे-थोडे पैसे भरणारी वडीलधारी माणसं यात हमखास फसतात. तिसरी गोष्ट रांगेतला प्लॅन. आधीचा प्लॅन संपायच्या आत नवा मारला, तर काही कंपन्यांकडे तो रांगेत थांबतो आणि जुना संपल्यावर सुरू होतो. शेवटची तारीख बदललेली न दिसल्यामुळे माणूस घाबरतो, पण कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ‘पुढचा प्लॅन’ म्हणून तो नोंदलेला असतो.

मावशीच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. मग मी पावतीवरचा नंबर एकेक आकडा करून शेजारणीला वाचून दाखवला. शेवटचे दोन आकडे मी म्हटले, “सात, चार.” मावशी मागून ओरडली, “सत्तेचाळीस गं! चार, सात.”

आकड्यांची अदलाबदल

‘सत्तेचाळीस’ म्हणताना आपण सात आधी उच्चारतो आणि चाळीस नंतर. कानाने ऐकता ऐकता हात लिहीत असेल तर सात आधी उतरतो. मराठीतल्या जोडआकड्यांची रचनाच अशी आहे. शिवाय एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट अशा जोड्या फोनच्या खरखरीत एकसारख्याच ऐकू येतात. मी 47 च्या जागी 74 लिहिलं आणि तो नंबर कोणाचा तरी खरा, चालू नंबर निघाला.

यंत्रणेने ही चूक का पकडली नाही? आधार क्रमांकाचा शेवटचा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो. बँकेच्या कार्डावरही तशीच सोय असते. त्यामुळे एखादा आकडा चुकला तर संगणकाला लगेच कळतं की असा क्रमांक असूच शकत नाही. मोबाइल नंबरात असा ताळा नाही. दहाही आकडे नंबराचेच. एक चुकला की समोर दुसऱ्याच माणसाचा नंबर येतो.

त्यातही चूक कुठल्या आकड्यांत झाली यावर नशीब ठरतं. नंबर कंपन्यांना मोठ्या सलग गटांत दिले जातात आणि गट सुरुवातीच्या आकड्यांवरून ठरतो. सुरुवातीचा आकडा चुकला तर नंबर बहुधा दुसऱ्या कंपनीचा किंवा दुसऱ्या सर्कलचा निघतो. आपल्याकडे मुंबई हे एक सर्कल आणि महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरं. अ‍ॅपवर भलतीच कंपनी किंवा भलतंच सर्कल आलं तर थांबावं, नंबर पुन्हा बघावा. आणि हाताने चुकीची कंपनी निवडून रिचार्ज पाठवलाच, तर त्या कंपनीच्या यंत्रणेत तो नंबर सापडत नाही, ती निरोप नाकारते आणि पैसे परत येतात. पण शेवटचे आकडे चुकले तर नंबर बहुतेक त्याच गटातला, त्याच कंपनीचा असतो. कुठेही शंका येत नाही. रिचार्ज बिनबोभाट होतो.

आणि तो झाल्याचा पुरावाही आपल्याकडे येत नाही. ट्रायच्या 2012 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार प्लॅन चढला की कंपनीने ग्राहकाला एसएमएस पाठवायचा असतो. पण तो जातो ज्या नंबरवर रिचार्ज झाला त्यावर. पैसे भरणारा वाट बघत बसतो आणि मेसेज जालन्यातल्या एखाद्या अनोळखी फोनवर वाजतो.

परत मिळण्याची वाट

इथे खरं सांगायला हवं. चुकीच्या नंबरवर झालेला रिचार्ज परत मिळालाच पाहिजे, असा हक्क ग्राहकाला नाही. कंपनीने सांगितलेल्या नंबरवर सांगितलेला प्लॅन दिला. उलटवायचा की नाही, हे ती आपल्या धोरणाने ठरवते. प्लॅन अजून रांगेत असेल आणि वापर सुरू झाला नसेल तर विनंतीला काही अर्थ असतो. समोरच्याने डेटा वापरायला सुरुवात केली की तो जवळजवळ संपतो. म्हणून घाई करायची ती इथे.

दुकानातून रिचार्ज केला असेल तर तिथून हलण्याआधी फोनवर मेसेज आला का ते बघावं. दुकानदार कंपनीच्या अ‍ॅपमधून स्वतःच्या शिलकीतले पैसे वापरून रिचार्ज मारतो. चूक लगेच लक्षात आली तर तो आपल्या वितरकामार्फत उलटवण्याची विनंती करू शकतो. बरेच दुकानदार गिऱ्हाइकाला वहीत स्वतःच्या हाताने नंबर लिहायला लावतात. त्याचा कंटाळा करू नये. चूक लिहिणाऱ्याची की टाइप करणाऱ्याची, हा वाद त्या एका ओळीवर मिटतो आणि वहीतला नंबर बरोबर असेल तर दुकानदाराने भरपाई द्यायला हवी, हेही ठरतं.

अ‍ॅपवरून केला असेल तर ज्या कंपनीचा रिचार्ज आहे तिच्या 198 या तक्रार क्रमांकावर फोन करावा आणि डॉकेट क्रमांक घ्यावा. डॉकेट क्रमांकाशिवाय झालेलं बोलणं म्हणजे नुसती चौकशी. तिची तक्रार म्हणून नोंद राहत नाही. मी तो घेतला. दोन दिवसांनी उत्तर आलं की रिचार्ज दिलेल्या नंबरवर यशस्वी झाला आहे, तो रद्द होणार नाही. अशा उत्तरावर 30 दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे विनाशुल्क जाता येतं आणि अपिलाचा निकाल 39 दिवसांत द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे पत्र लिहून वेळ दवडू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. आणि नंबर बरोबर टाकूनही कंपनी व्हॅलिडिटी देत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. दूरसंचार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 16 फेब्रुवारी 2022 रोजी दिला. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात आयोगाचं शुल्कही लागत नाही.

या सगळ्यात एक धोका जपायला हवा. वैतागलेला माणूस इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो आणि ठगाच्या हाती सापडतो. पैसे परत घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही आणि फोनची स्क्रीन कोणाला दाखवावी लागत नाही. असं कोणी सांगितलं तर फोन ठेवावा. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर कळवावं. कस्टमर केअरचा नंबर अ‍ॅपमधून किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा.

मी अपील केलं नाही, कारण चूक माझी होती. मी त्या 74 वाल्या नंबरवर फोन केला. समोरच्या माणसाने नीट ऐकूनही न घेता फोन ठेवला. त्याचं चुकलं नाही. असे फोन करून लोकांना लुबाडणारे कमी नाहीत. मग मी एसएमएस केला: रिचार्जची तारीख, वेळ, रक्कम आणि पावतीवरचा ऑपरेटर रेफरन्स. काही मागितलं नाही, फक्त लिहिलं की तुमच्याकडे कंपनीचा मेसेज आला असेल, ताडून बघा. संध्याकाळी त्याचाच फोन आला. गवंडीकाम करणारा माणूस. “मेसेज आहे ताई. माझा चालू प्लॅन अजून अकरा दिवस आहे, तुमचा मागे लागलाय. तो संपला की मला तसाही मारावाच लागला असता. तेव्हा तुमचे पैसे पाठवतो.” बाराव्या दिवशी माझ्या खात्यात 349 रुपये आले.

पैसे परत आले ते एका माणसाच्या सचोटीमुळे, कुठल्या नियमामुळे नाही. मला हे बरोबर वाटत नाही. यूपीआयने दहा रुपये पाठवताना आपल्याला समोरच्याचं बँकेतलं नाव दिसतं. तीनशे-चारशे रुपयांचा रिचार्ज करताना दिसतो फक्त नंबर. काही अ‍ॅप नाव दाखवतात, पण ते आपणच आपल्या फोनबुकात लिहिलेलं नाव असतं. नंबर चुकीचा जतन केला असेल तर नावही खोटा दिलासा देतं. प्रत्येक सिमच्या मालकाचं नाव कंपनीकडे कागदपत्रांनिशी असतं. पैसे भरण्याआधी त्यातली दोन-तीन अक्षरं दाखवली, बाकीची झाकली, तरी गुप्तता राहील आणि मावशीच्या नावाऐवजी परक्याची अक्षरं दिसताच हात थांबेल. कंपन्यांनी हे स्वतःहून करावं, नाहीतर ट्रायने करायला लावावं.

तोवर मी पैसे भरण्याआधी नंबर एकेक आकडा करून परत वाचून दाखवते. मावशीनेही जोड्या सोडल्या आहेत. परवा तिने फोन केला तो तिच्याच नंबरवरून, आणि नंबर सांगायची गरज नसतानाही शेवटी म्हणाली, “चार, मग सात. लिहिलंस ना?”